नकारांच्या यादीतलं सहावं नाव

टॅमरॅक फॉल्सच्या सहकारी वीज संस्थेत आर्लिस कुइविनेनला लोक तोंडावर आर्लिस म्हणत आणि पाठीमागे दारवानबाई. हे नाव तिला ठाऊक होतं. एकदा खांबांवर चढणाऱ्या तारवाल्यांपैकी कुणीतरी ते चिकटपट्टीवर लिहून तिच्या कॉफीच्या मगवर लावलं होतं. तिने ती पट्टी काढली नाही. उलट मग धुताना ती ओली होणार नाही याची काळजी घ्यायची. एकसष्ट वर्षांची, ठेंगणी, लोकरी स्वेटर कोपरापर्यंत सारलेला, आणि चष्मा नेहमी कपाळावर. तो शोधायला मात्र ती पूर्ण टेबल उपसायची.

पहिली एकोणीस वर्षं तिने मीटर वाचण्यात घालवली. म्हणजे खरोखर पायी. बर्फात बूट रुतवत, एका हातात वही आणि दुसऱ्या हातात कुत्र्यांसाठी बिस्किटं. दिवसाला एकशे ऐंशी घरं. कुठल्या घराच्या मागच्या पायरीवर बर्फ साचतो, कुठली म्हातारी कॉफी घेतल्याशिवाय सोडत नाही, हे सगळं तिला पाठ. मग संस्थेने नवी मीटरं बसवली. ती मीटरं आपला आकडा आपणच मनोऱ्यावरून पाठवू लागली आणि आर्लिसची पायपीट संपली. तेव्हाच्या व्यवस्थापकाने विचारलं, संगणकाकडे कोण बघेल? सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. आर्लिसने हात वर केला, कारण तिला घरी बसायचं नव्हतं.

शिकली. रडत-रडत शिकली, पण अशी शिकली की राज्यभरच्या वीज संस्था तिला फोन करून सल्ला विचारू लागल्या. तिचा एक हट्ट होता आणि तो तिने कधी सोडला नाही. बाहेरून कोण आत येतं यावर सगळेच पहारा ठेवतात, ती म्हणायची, मला आतून बाहेर कोण बोलतंय ते कळायला हवं. चोर आत शिरला तरी त्याला धन्याशी बोलावं लागतं. काय करू, कुठे जाऊ, विचारावं लागतं. ते बोलणंच होऊ दिलं नाही तर तो आत नुसता बसून राहील. म्हणून संस्थेच्या प्रत्येक सर्व्हरसाठी तिची यादी होती. या सर्व्हरने फक्त या पत्त्यांशी बोलायचं, त्याने फक्त त्या. यादीत नाही त्याला फायरवॉल नाही म्हणणार, आणि प्रत्येक ‘नाही’ची नोंद होणार.

आणि यादीतल्या प्रत्येक ओळीला मालक. कुणी मागितली, कशासाठी, कधीपर्यंत. हे सगळं एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत, पेन्सिलीने. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कॉफीच्या खोलीत ती हजेरी घ्यायची.

‘‘नकाशाचा सर्व्हर, हवामान खात्याशी बोलतो. मागणारी लॉरेन. अजून हवं आहे?’’

‘‘हवं आहे बाई, नाहीतर वादळ आलेलं खिडकीतून बघू की काय?’’ नियंत्रण कक्षातली लॉरेन बोशे तोंडातला घास न गिळता म्हणायची.

ज्याच्या नावाला कुणी उत्तर दिलं नाही, ती ओळ त्याच दिवशी बंद. एकदा डेल ऑटरनेस, म्हणजे साक्षात व्यवस्थापक, दातांच्या डॉक्टरकडे गेला होता म्हणून गैरहजर राहिला, तर त्याने मागितलेल्या दोन ओळी तिने पुसल्या. तो सुजलेल्या गालाने भांडायला आला. ‘‘वहीत मालक नाही, म्हणजे दार नाही,’’ एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून डेल हजेरीला दहा मिनिटं आधी येऊन बसायचा.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी बाहेर उणे बत्तीस होतं. गाडी सुरू व्हायला तीन वेळा किल्ली फिरवावी लागली. घरातून निघताना तिने वेंडेलच्या खुर्चीशेजारचं यंत्र तपासलं. वेंडेल तिचा नवरा. चाळीस वर्षं लाकडाच्या कारखान्यात काढली आणि फुफ्फुसं तिथेच ठेवून आला. आता ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र घरघरायचं, त्याची नळी नाकाला. वीज गेलीच तर शेजारी राखीव नळकांडं, दोन तासांचं.

‘‘जा आता, उशीर होतोय,’’ वेंडेल म्हणाला. ‘‘तू नसलीस तर ते सर्व्हर बोलायला लागतील एकमेकांशी.’’

‘‘एकमेकांशी बोलू देत. बाहेर बोलायचं नाही.’’

पावणेआठला ती कॉफी घेऊन टेबलाशी बसली. रोज सकाळी पहिलं काम एकच, आदल्या रात्रीच्या नकारांची यादी वाचणं. लोक वर्तमानपत्र वाचतात तशी ती ही यादी वाचायची. नेहमीचे संशयित त्यात असायचेच. छपाईचं यंत्र आपल्या कारखान्याला काहीतरी सांगू पाहतं, नकार. लेखा विभागातल्या जुन्या सर्व्हरला उगाच कुठलातरी पत्ता आठवतो, नकार. दहा-बारा ओळी आणि संपलं.

त्या दिवशी यादी संपेना.

तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. पहाटे तीन वाजून दहा मिनिटं. नकाशाचा सर्व्हर एका परक्या पत्त्याकडे, नकार. तीन बारा. लेखा विभागाचा सर्व्हर, तोच पत्ता, नकार. मग टपालाचा. मग फायलींचा. मग नोंदणीचा. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच पाच जण, तोच पत्ता. वेळ थोडी पुढेमागे, कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून मुद्दाम चुकवलेली. सत्तरहून जास्त वेळा दार वाजवलं होतं.

ज्या सर्व्हरांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, ते एकाच रात्री एकाच अनोळखी माणसाला हाक मारायला लागले, तर त्याचा अर्थ एकच. काहीतरी आत आलं आहे आणि ते आपल्या धन्याला शोधतं आहे. आणि कुठून आलं तेही तिला लगेच कळलं. मंगळवारी तिनेच त्या सर्व्हरांवर नवी आवृत्ती चढवली होती. सर्व्हरांच्या तब्येतीवर निगराणी ठेवणारं सॉफ्टवेअर, ज्यांनी ते बनवलं त्यांच्याकडूनच आलेलं. त्यावरची डिजिटल सही तिने नेहमीसारखी पडताळली होती. सही खरी होती. म्हणजे विष कारखान्यातच मिसळलं गेलं होतं.

तिने डेलला बोलावलं. तो धावत आला, मागोमाग लॉरेन. लॉरेनच्या हातात घरून आणलेल्या बारचा डबा होता, खोबरं आणि चॉकलेट घातलेल्या त्या चौकोनी वड्या. तो तिने तसाच टेबलावर ठेवला.

‘‘म्हणजे आपल्यावर हल्ला झाला?’’ डेलचा आवाज चिरकला.

‘‘आत आलंय. पण बोलणं झालेलं नाही. हे बघ, प्रत्येक ओळीपुढे नकार.’’

‘‘म्हणजे दार बंद आहे?’’

‘‘बंद आहे.’’

‘‘आणि बोलणं नाही, तर ते काही करू शकत नाही?’’

‘‘हुकूम आल्याशिवाय नाही. बहुधा नाही.’’

डेलने भिंतीला पाठ टेकली आणि मोठ्याने श्वास सोडला. मग त्याने जे केलं ते टॅमरॅक फॉल्समध्ये फारसं कुणी करत नाही. त्याने आर्लिसला मिठी मारली. ‘‘तुझ्या त्या वहीला मी दहा वर्षं नावं ठेवली,’’ तो म्हणाला. ‘‘संचालक मंडळाला आत्ता कळवतो. संस्था वाचली म्हणून सांगतो. तुझं नाव घालून.’’

‘‘दारवानबाईचा फोटो लावा आता स्वागतकक्षात,’’ लॉरेन म्हणाली आणि एक बार आर्लिसच्या हातात कोंबून नियंत्रण कक्षाकडे गेली.

डेल आपल्या खोलीत गेला. आर्लिसने बारचा एक तुकडा मोडला, पण तोंडाशी नेताना हात थांबला. निगराणीचं ते सॉफ्टवेअर सहा सर्व्हरांवर होतं.

तिने पुन्हा मोजलं. नकाशा, लेखा, टपाल, फायली, नोंदणी. बोटांवर मोजलं, लहान मुलासारखं. पाच. मंगळवारी तिने स्वतः सहांवर ती आवृत्ती चढवली होती. सहावा होता मीटरांचा सर्व्हर. तो यादीत कुठेच नव्हता. वर-खाली, पुन्हा वर, तीन वेळा शोधलं. एकही नकार नाही.

सहाव्यात विष गेलंच नसेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. मंगळवारची नोंद काढली. सहाही सर्व्हरांवर तीच आवृत्ती, अकरा मिनिटांत. मग तोच एकटा गप्प का? दार वाजवणाऱ्यांमध्ये तो का नाही?

आणि उत्तर तिला माहीत होतं. ज्याला दार उघडंच मिळालं, तो कशाला वाजवेल?

ऑक्टोबर. वेंडेलला रुग्णालयात नेलं तो आठवडा. त्याचे ओठ निळे पडले होते. आर्लिस तिसऱ्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर लॅपटॉप. मीटरांच्या कंपनीचा तंत्रज्ञ फोनवर. ‘‘मॅडम, आमचं सगळं आता भाड्याच्या सर्व्हरांवर गेलंय, पत्ते रोज बदलतात, मी तुम्हाला यादी कुठून देऊ? तात्पुरतं सगळीकडे मोकळं करा ना, काम झालं की बंद करा.’’ दुसरा कुणी असता तर तिने त्याला सोलून काढलं असतं. पण त्याच वेळी परिचारिका दारातून डोकावली आणि म्हणाली, ‘‘श्रीमती कुइविनेन, जरा आत येता?’’ आर्लिसने तीन कळा दाबल्या. मीटरांचा सर्व्हर, कुठेही, मुभा. नोंद ठेवायची का, असं फायरवॉलने विचारलं, तर तिने नाही म्हटलं, कारण ‘कुठेही’ची नोंद ठेवायची तर दोन दिवसांत जागा भरते. उपाहारगृहाच्या कागदी रुमालावर तिने लिहिलं, ‘मीटर, बंद करणे.’ तो रुमाल नंतर वेंडेलचं सांडलेलं सूप पुसण्यात गेला असावा.

वहीत ती ओळ चढलीच नाही. आणि तिने महिन्यामागून महिना हजेरी घेतली, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. सगळ्यांची नावं वाचली. स्वतःचं नाव वाचायचं तिला कधी सुचलंच नाही. हजेरी घेणारा स्वतःला मोजत नाही.

तिने फायरवॉलमध्ये त्या क्षणी चालू असलेल्या जोडण्यांचा पडदा उघडला. आणि ते समोर आलं. मीटरांचा सर्व्हर, तोच परका पत्ता. पहाटे तीन दहापासून जोडणी चालू. बाहेर गेलेला मजकूर, चार अब्ज अक्षरं. आत आलेला, थोडा. पण तो थोडा आकडा तिच्या डोळ्यांदेखत वाढत होता. पलीकडे कुणीतरी बसलं होतं. या क्षणी, ती बघत असताना, कुणीतरी टंकत होतं.

मीटरांचा सर्व्हर नुसते आकडे वाचत नाही. नव्या मीटरांमध्ये एक खटका असतो. घर रिकामं झालं की संस्था इथूनच तो पाडते, तारवाल्याला जावं लागत नाही. एका घराचा पाडता येतो, तसा अकरा हजार दोनशे घरांचाही पाडता येतो. बाहेर उणे बत्तीस. घर तापवणाऱ्या भट्टीचा पंखा विजेवर, पाण्याचा पंप विजेवर. आणि त्या सर्व्हरचाच ताबा गेला तर खटका परत चढवायला माणूस पाठवावा लागतो, घराघरात. संस्थेत तारवाले आठ. त्यातली किती घरं दोन तासांच्या आत होतील याचा हिशेब तिच्याइतका कुणाला येत होता? एक माणूस, चांगल्या दिवशी, एकशे ऐंशी. आणि त्या अकरा हजारांत एक घर स्प्रूस रस्त्याच्या टोकाचं, जिथे खुर्चीशेजारी एक यंत्र घरघरत होतं.

तिला ओरडावंसं वाटलं. पण ती ओरडली नाही. तिने ती ऑक्टोबरची ओळ शोधली आणि पुसली. नियम लागू केला. आणि पडद्याकडे पाहिलं.

आकडा वाढतच होता.

एक पूर्ण श्वास तिला काही समजेना. दार बंद केलं आहे, तरी बोलणं चालू कसं? मग आठवलं, आणि स्वतःवरच इतकी चिडली की डोळ्यांत पाणी आलं. ही गोष्ट ती इतर संस्थांना फोनवर शिकवते. फायरवॉल नियम बघते ते नवी जोडणी सुरू होताना. आधीच चालू असलेली जोडणी तिच्या खात्यात मंजूर असते, नियम पुसला तरी ती चालूच राहू शकते. दार लावून काय उपयोग, पाहुणा उंबऱ्यावर उभा राहून बोलतच आहे. ती जोडणी वेगळी तोडावी लागते. तिने हुकूम टंकला, एक अक्षर चुकलं, पुसलं, पुन्हा टंकला. पडद्यावरून ती ओळ नाहीशी झाली.

घड्याळात आठ सव्वीस झाले होते. खोलीत नेहमीचीच शांतता होती आणि बाजूला मोडलेला बार.

आता खरा मोह आला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही, कारण ती स्वतःही पुढे कधी लपवत नसे. ओळ पुसली गेली होती. वहीत ती कधी नव्हतीच. नोंद ठेवलेली नव्हती. डेल दोन दारांपलीकडे तिचं नाव घालून पत्र लिहीत होता. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. ती गप्प बसली असती तर या मुलखात एका माणसालाही कळलं नसतं. तीन दहापासून आठ सव्वीसपर्यंत काय झालं, हे फक्त ती आणि पलीकडचा तो, दोघांनाच माहीत.

पण पलीकडच्याने काय केलं हे तिला माहीत नव्हतं. बोलणं तोडलं होतं. बोलून झालेलं कसं तोडणार? त्याने घड्याळ लावून हुकूम ठेवून दिला असेल तर? आत काय लिहिलं गेलंय ते फक्त एकाच ठिकाणी दिसतं, लॉरेनच्या पडद्यावर.

ती उठली. डेलच्या दाराशी थांबली नाही, सरळ नियंत्रण कक्षात गेली.

‘‘लॉरेन, मीटरांचा पडदा उघड. खटक्यांचे हुकूम. आत्ता.’’

‘‘का गं? तोंड बघ तुझं, पिठासारखं झालंय.’’

‘‘सहावा सर्व्हर उघडा होता. मी उघडला होता, ऑक्टोबरमध्ये, आणि विसरले. कुणीतरी पाच तास आत होतं. उघड ना!’’

लॉरेनने तिच्याकडे एकदाच पाहिलं. मग खुर्ची फिरवली आणि पडदा उघडला. लॉरेन बारा वर्षं त्या खुर्चीत होती, वीज कोसळताना जेवण संपवणारी बाई. पण तो पडदा उघडल्यावर तिच्या घशातून जो आवाज निघाला तो आर्लिसने पूर्वी कधी ऐकला नव्हता.

एक हुकूम तयार होता. पूर्ण झालेला नव्हता. प्रकार, वीज तोडणे. घरं, नऊ हजार चारशे दहा. वेळेची जागा रिकामी.

‘‘हे मी केलेलं नाही,’’ लॉरेन म्हणाली. ‘‘आर्लिस, हे मी केलेलं नाही.’’

‘‘माहीत आहे. तो निवडतच होता. एकेक भाग करून. मी तोडलं तेव्हा दोन हजार राहिले होते.’’

‘‘पुसू?’’

‘‘आधी मनोऱ्यांची तार काढ. सर्व्हरपासून मनोऱ्याकडे जाणारी. मग काहीही सुटलं तरी मीटरांपर्यंत जाणार नाही.’’

‘‘तार काढली तर मीटरं बंद पडणार नाहीत ना?’’

‘‘नाही, खटका आहे तसाच राहतो. नुसते आकडे येणार नाहीत. काढ!’’

लॉरेन गुडघ्यांवर बसून कपाटामागे शिरली. ‘‘पिवळी की निळी?’’ आतून ओरडली.

‘‘पिवळी. वरून दुसरी. हळू बाई, शेजारची नको.’’

खट्ट आवाज झाला. पडद्यावर मनोऱ्यांचे हिरवे ठिपके एकेक करून करडे पडत गेले, सगळ्या तालुक्याचे. आर्लिसला ते बघवेना. खिडकीतून समोरचं किराणा दुकान दिसत होतं, त्याच्या दारावरचा दिवा चालू होता. तिने त्या दिव्यावरून नजर हलवली नाही. मागे लॉरेनने तो हुकूम पुसला.

तिने घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पाच वेळा. सहा. वेंडेल खुर्चीतून उठत नाही, फोन त्याच्या हाताशी असतो. सात. आर्लिसच्या मनात स्प्रूस रस्त्याचा मीटर आला, त्यावरचा तो लहानसा लाल खटका, आणि ती लॉरेनच्या खांद्याला धरून उभी राहिली. आठ.

‘‘काय गं?’’ वेंडेल म्हणाला. ‘‘मोरीत होतो. माणसाने तेही करू नये?’’

त्याच्या आवाजामागे ती घरघर होती. यंत्राची. तिने तीच ऐकली.

‘‘आर्लिस? सर्व्हर बोलायला लागले का?’’

‘‘हो,’’ ती म्हणाली आणि तिथेच, लॉरेनसमोर, फोन कानाला धरून रडली.

डेल दारात उभा होता. कधी आला कुणास ठाऊक. हातात छापलेलं पत्र. त्याने सगळं ऐकलं होतं हे त्याच्या मानेवर चढलेल्या लाल रंगावरून दिसत होतं.

‘‘तू,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या दोन ओळी पुसल्या होत्यास तू. दाताच्या डॉक्टरकडे होतो म्हणून.’’

‘‘हो.’’

‘‘आणि स्वतः सगळ्या जगाला दार उघडून ठेवलंस. तीन महिने.’’

‘‘हो, डेल.’’

‘‘नऊ हजार घरं!’’ तो ओरडला. ‘‘माझी आई आहे त्यात. तुझा नवरा आहे. काय वाटलं तुला?’’

लॉरेनने मध्ये तोंड घातलं. ‘‘ओरडायचं ते नंतर ओरड. पण ती सांगायला आली, एवढं ध्यानात ठेव. न सांगता बसली असती तर हा हुकूम अजून इथेच असता.’’

डेलने पत्र चुरगाळून खिशात घातलं. मग आर्लिसबरोबर तिच्या खोलीत गेला आणि खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी बसला, आणि दोघं नकारांची यादी बघत राहिले, कारण आता दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तोडलेली जोडणी पुन्हा जुळवायला तो सहावा धडपडणारच होता. धडपडला आणि नकार मिळाला, तर दार खरंच बंद आहे. पण पुन्हा गप्प राहिला, तर आणखी कुठेतरी भोक आहे, तिला न आठवणारं.

आठ चाळीस. नकाशा, नकार. लेखा, नकार.

आठ चव्वेचाळीस. टपाल. फायली.

‘‘आला नाही,’’ डेल म्हणाला.

‘‘थांब.’’

ऑक्टोबरनंतर आणखी काय काय उघडलं, ती मनातल्या मनात एकेक दिवस चाचपत होती, आणि रुग्णालयातल्या त्या आठवड्यातले दोन दिवस तिला अजिबात आठवत नव्हते. नळ्या आठवत होत्या. आपल्या हातांनी काय काय केलं ते आठवत नव्हतं.

आठ एक्कावन्न. मीटरांचा सर्व्हर. तोच परका पत्ता. नकार.

आर्लिसने टेबलावर डोकं टेकलं. डेलने पडद्यावरच्या त्या ओळीला बोट लावलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

दुपारी राज्याची माणसं आली, सर्व्हर घेऊन गेली. आठवडाभर मीटरं हातानेच वाचावी लागली. आर्लिसने स्वतःहून स्प्रूस रस्ता मागून घेतला, खिशात बिस्किटं टाकली. डेलने मंडळाला दुसरं पत्र लिहिलं, त्यात तिचं नाव होतंच, पण वेगळ्या वाक्यात. तिला काढलं नाही. फायरवॉलच्या किल्ल्या मात्र आता तिच्याकडे आणि डेलकडे अशा दोघांकडे झाल्या, एकाने काही बदलायचं तर दुसऱ्यानेही सही करायची.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी कॉफीच्या खोलीत बसायला जागा नव्हती. तारवाले भिंतीला टेकून उभे होते. निळी वही या वेळी लॉरेनच्या हातात होती. तिने पान उलटलं. पहिल्याच ओळीवर आर्लिसचं स्वतःचं पेन्सिलीचं अक्षर होतं, आदल्या रविवारी घरी बसून लिहिलेलं.

‘‘मीटरांचा सर्व्हर,’’ लॉरेनने वाचलं. ‘‘जगात कुठेही. मागणारी, आर्लिस कुइविनेन. कारण, वेंडेल आजारी होता. मुदत...’’ ती थांबली. ‘‘मुदत लिहिलेली नाही.’’

कॉफीचं यंत्र तेवढं खदखदत होतं.

‘‘अजून हवं आहे?’’ लॉरेनने विचारलं.

आर्लिस मागच्या रांगेत होती. मगवरची पट्टी तिने अंगठ्याने झाकली होती. चाळीस माणसं तिच्याकडे वळून बघत होती, आणि त्यातल्या बहुतेकांच्या मागच्या पायऱ्या तिला ठाऊक होत्या.

‘‘नको,’’ ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाली, ‘‘नको. बंद कर.’’

लॉरेनने पेन्सिल उचलली, ओळीवर रेघ मारली आणि वही डेलपुढे सहीसाठी धरली.